उवांची चिठ्ठी आणि पंधरा तारखेचा मंगळवार

शाळेकडून घरी जाणाऱ्या चिठ्ठ्यांमध्ये सगळ्यात जिव्हारी लागणारी चिठ्ठी उवांची असते. मी शाळेत परिचारिका म्हणून रुजू झाले, तेव्हा कपाटात तिच्या झेरॉक्सचा गठ्ठाच ठेवलेला होता. मजकूर तीन वाक्यांचा: "आपल्या पाल्याच्या डोक्यात उवा आढळल्या आहेत. कृपया स्वच्छतेकडे लक्ष द्यावे. डोके पूर्ण साफ झाल्याशिवाय पाल्यास शाळेत पाठवू नये." खाली नाव लिहायला रिकामी रेघ.

यातलं पहिलं वाक्य बरेचदा चुकीचं असतं, दुसरं नेहमीच चुकीचं असतं आणि तिसऱ्याने काहीही साध्य होत नाही. पालकांना खरोखर जे सांगायला हवं, ते मात्र चिठ्ठीत कुठेच नाही. उवांचं औषध दोनदा लावायचं असतं आणि दुसऱ्यांदा कधी लावायचं त्याचा दिवस ठरलेला असतो. औषध आणणारी घरं पुष्कळ असतात, पण तो दिवस पाळणारी फार थोडी. उवा "जातच नाहीत" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या आयांशी बोलत बसलं, की दर वेळी गाडी याच एका गोष्टीपाशी येऊन थांबते.

पण आधी ते स्वच्छतेचं. चिठ्ठी घरी गेली की दुसऱ्या दिवशी आई दारात उभी असते आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "सिस्टर, आमच्याकडे रोज आंघोळ असते हो." तिचं बरोबरच असतं. डोक्यातली ऊ माणसाचं रक्त पिऊन जगते, मळ खाऊन नाही. केसांच्या मुळांशी ऊब आणि दिवसातून चार-पाच वेळा थोडंसं रक्त मिळालं की तिचं भागतं. मग त्या केसांना आठवडाभर पाणी लागलेलं नसो की सकाळीच शांपू झालेला असो. पाण्याने ती वाहूनही जात नाही. तिच्या सहा पायांना आकड्यासारखी नखं असतात आणि ती नेमकी केसाभोवती बसतील अशीच घडलेली असतात. पाण्याखाली ती श्वासाची छिद्रं मिटून घेते आणि कित्येक तास तग धरते. दहा मिनिटांच्या आंघोळीची तिला काय तमा? हल्ली याच्या उलट एक समजूत पसरली आहे, की उवांना उलट स्वच्छ केसच जास्त आवडतात. बिचाऱ्या आईला धीर द्यायला कुणीतरी ती काढली असावी, पण तिलाही आधार नाही. ऊ केसांची पारख करत नाही. एक डोकं दुसऱ्या डोक्याला टेकलं आणि केस केसांना लागले, की ती सरळ पलीकडे चालत जाते. तिला पंख नाहीत, उडी मारता येत नाही. चालते मात्र बऱ्यापैकी, मिनिटाला वीस-बावीस सेंटिमीटर. एका बाकावर डोक्याला डोकं लावून चित्र काढणाऱ्या दोन मैत्रिणींना तेवढं पुरेसं असतं. रात्री एका गादीवर झोपणाऱ्या भावंडांबद्दल तर बोलायलाच नको.

मग मळाचा हा आळ आला कुठून? तो उवांच्या दुसऱ्या जातकुळीचा आहे. अंगावरची ऊ दिसायला डोक्यातल्या उवेसारखीच, पण तिचं बिऱ्हाड केसांत नसतं, कपड्यांच्या शिवणीत असतं. अंगावरचे कपडे आठवडेच्या आठवडे बदलता येत नाहीत अशा ठिकाणी ती माजते: युद्धातले खंदक, तुरुंग, दुष्काळातल्या छावण्या. टायफस नावाचा जीवघेणा ताप हीच ऊ पसरवते. १९०९ साली ट्युनिसमध्ये शार्ल निकोल या फ्रेंच डॉक्टरांनी ते दाखवून दिलं. त्यांच्या लक्षात आलं होतं, की टायफसच्या रोग्यांपासून दाराबाहेरच्या माणसांना आणि त्यांचे कपडे हाताळणाऱ्यांना लागण होते, पण दाखल करून घेताना कपडे उतरवले, आंघोळ घातली, की आत वॉर्डात तोच रोगी कुणालाही ताप देत नाही. म्हणजे तापाचं मूळ कपड्यांत. या कामासाठी त्यांना १९२८ चं नोबेल मिळालं. तेव्हा "उवा म्हणजे घाण आणि रोग" हे कपड्यांतल्या उवेबद्दल म्हटलं तर खरंच आहे. डोक्यातली ऊ मात्र असला ताप पसरवत नाही. ती खाज देते, झोप मोडते. खाजवून खाजवून जखमा झाल्या तर त्या चिघळतात. एवढाच तिचा उपद्रव. बदनामी मात्र तिला बहिणीची मिळाली.

श्रीमंतांच्या डोक्यांतही उवा असत, याचा पुरावा चांगला जुना आहे. इस्रायलमधल्या लाखीश इथल्या उत्खननात एक हस्तिदंती फणी सापडली, साधारण ३७०० वर्षांपूर्वीची. एका बाजूला सहा जाड दात, दुसऱ्या बाजूला चौदा बारीक, अगदी आपल्या आज्यांच्या दुहेरी फणीची ठेवण. तिच्यावर बारीक अक्षरं कोरलेली आहेत, ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली: केसांतल्या आणि दाढीतल्या उवा या फणीने निघोत, अशा अर्थाची. दातांमध्ये उवांचे अवशेषही सापडले. त्या मुलखात तेव्हा हत्ती नव्हते. हस्तिदंत बाहेरून, बहुधा इजिप्तमधून आणलेला. असली फणी बाळगणारा माणूस दाराशी भीक मागणारा खचितच नव्हता.

गरिबीचा काहीच संबंध नाही, असं मी म्हणणार नाही. एका खोलीत सहा माणसं झोपत असतील, आई सकाळी सहाला कामावर निघत असेल, औषधाच्या तीन बाटल्या घेणं परवडत नसेल, तर उवा जास्त दिवस राहतात. पण तिथे कमी पडते ती जागा, वेळ आणि पैसा. साबण नव्हे. आणि "स्वच्छतेकडे लक्ष द्या" म्हटल्यावर घरं काय करतात ते मी पाहते. ती गोष्ट लपवतात. शेजारच्या मावशींना, क्लासच्या बाईंना, वाड्यातल्या मैत्रिणीच्या आईला सांगत नाहीत. इकडे मुलीचं डोकं साफ होतं आणि पुढच्या शनिवारी त्याच मैत्रिणीकडून उवा परत घरी येतात.

आता चिठ्ठीतलं पहिलं वाक्य: "उवा आढळल्या आहेत." कुणाला, कशा आढळल्या? बहुतेक वेळा बाईंनी वर्गात केसांत पांढरे ठिपके पाहिलेले असतात. ते ठिपके कोंड्याचे असू शकतात. नुसत्या रिकाम्या लिखांचेही असू शकतात. कोंडा बोटाने झटकला की निघतो किंवा केसावरून घसरतो. लीख केसाच्या एका अंगाला तिरकी चिकटलेली असते आणि नखाने ओढल्याशिवाय हलत नाही. पण लीख दिसली म्हणजे उवा आहेतच, असंही नाही. ऊ आपली अंडी केसाच्या मुळाशी, डोक्याच्या कातडीपासून पाव इंचाच्या आत चिकटवते, कारण उबवायला तिथलीच ऊब लागते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि लीख त्याच्याबरोबर वर सरकते. दोन सेंटिमीटरवर दिसणारी लीख म्हणजे दोन महिन्यांपूर्वीची, केव्हाच फुटून रिकामी झालेली टरफलं. तिच्यासाठी पोरीच्या डोक्यावर औषध ओतणं व्यर्थ आहे.

खात्री करायची ती जिवंत, चालत्या उवेची. नुसतं केस पिंजारून पाहिलं तर ती सापडत नाही, उजेड पडताच पळते. एका डोक्यात मोठ्या उवा सहसा दहा-वीसच असतात, आणि मोठी म्हणजे तरी केवढी, तिळाएवढी. म्हणून फणीच लागते. केस ओले करायचे, भरपूर कंडिशनर चोपडायचा. त्याने उवा काही काळ सुस्तावतात आणि फणी अडखळत नाही. खोबरेल तेल वापरलं तरी तपासणीपुरतं चालतं. आधी साध्या कंगव्याने गुंता काढायचा, मग बारीक दातांच्या फणीने कातडीला टेकवून टोकापर्यंत एकेक बट ओढायची आणि प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या रुमालावर पुसायची. सुरुवात कानांच्या मागून आणि मानेपासून, कारण त्यांचा मुक्काम तिथेच असतो. फणी धातूची, लांब दातांची असली तर उत्तम. प्लास्टिकचे दात फाकतात आणि लिखा त्यांतून निसटतात. रुमालावर एक जरी ऊ वळवळताना दिसली तरी औषध लावायचं. दिसली नाही, तर चार दिवसांनी पुन्हा पाहायचं.

आणखी एक गोष्ट पालकांना ठाऊक नसते. खाज ही उवा झाल्याची पहिली खूण नाही. उवेच्या लाळेची ॲलर्जी अंगात तयार व्हावी लागते, तेव्हा खाज सुटते, आणि पहिल्या खेपेला त्याला चार ते सहा आठवडे जातात. म्हणजे मुलगी खाजवताना दिसली, तेव्हा उवांना महिना होऊन गेलेला असतो आणि त्या महिनाभर ती याच वर्गात बसलेली असते. म्हणून ते तिसरं वाक्य, "शाळेत पाठवू नये", निरर्थक आहे. आज दुपारी तिला घरी धाडून वर्गाचं कसलं रक्षण होणार? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर स्पष्टच म्हटलं आहे, की उवांपायी निरोगी मुलाची शाळा बुडवू नये. मी तिला त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत वर्गातच बसू देते, वेणी वर बांधायला सांगते आणि चिठ्ठी दप्तरात नव्हे, पाकिटात घालून देते.

आता औषधाकडे. आपल्याकडे डॉक्टर सहसा पहिल्यांदा देतात ते पर्मेथ्रिन, एक टक्क्याचं. बाटलीवर आकडा वाचूनच घ्या. पाच टक्क्यांचं मलम खरजेसाठी असतं आणि काउंटरवर घाईत तेच हातात पडू शकतं. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात कीटक मारणारं द्रव्य असतं, त्याच्या धर्तीवर कारखान्यात बनवलेलं हे रसायन उवेच्या मज्जातंतूंवर घाला घालतं. इथेच सगळी गोम आहे. नुकत्याच घातलेल्या अंड्यात पहिले काही दिवस मज्जातंतूच नसतात, मग औषध घाला घालणार कशावर? मोठ्या उवा मरतात, लिखांतल्या काही मरतात, उरलेल्या आठवड्याभराने निवांत फुटतात.

गेल्या वर्षी तिसरीतल्या एका मुलीचं घर माझ्या डोळ्यांसमोर या वेळापत्रकातून गेलं. तिचं उदाहरण घेऊ या. दोन लांब वेण्या, घरात आई-बाबा, आजी आणि तीन वर्षांचा भाऊ. चिठ्ठी मिळाली शुक्रवारी. शनिवारी आईने सगळ्यांना फणी लावली. मुलीच्या, स्वतःच्या आणि आजींच्या अंबाड्यात जिवंत उवा निघाल्या. बाबा साफ. भाऊही साफ, पण तो रोज ताईच्या कुशीत झोपणारा, म्हणून डॉक्टरांनी त्यालाही औषध लावायला सांगितलं. रविवार, सहा तारीख. चौघांनी एकाच दिवशी औषध लावलं. एकाने आज आणि दुसऱ्याने बुधवारी लावलं, तर उवा घरातल्या घरात फिरत्या राहतात.

लावण्याची रीतही नीट पाळावी लागते. आपल्या मुलींच्या केसांना तेल असतंच. ते आधी साध्या शांपूने पूर्ण काढायचं. कंडिशनर लावायचा नाही. शांपूतच कंडिशनर मिसळलेला असेल तर तोही नको, त्याचा थर केसावर बसला की औषध चिकटत नाही. टॉवेलने टिपून केस दमट ठेवायचे. ठिबकते राहिले तर औषध पातळ होतं. मग कानांच्या मागे आणि मानेवर सुरुवात करून मुळांपासून टोकांपर्यंत केस भिजतील इतकं चोळायचं. लांब दाट केसांना एक बाटली बऱ्याचदा पुरत नाही, आणि एकाच बाटलीत दोघींना भागवण्याची काटकसर इथे महागात पडते. घड्याळ लावून दहा मिनिटं थांबायचं. जास्त वेळ ठेवल्याने जास्त मरतात असं नाही. मग बेसिनवर डोकं पुढे वाकवून कोमट पाण्याने धुवायचं, म्हणजे औषध अंगभर ओघळत नाही. डोळ्यांवर घडी घातलेला रुमाल धरून ठेवायचा. त्यानंतर दोन दिवस शांपू नाही. तान्ह्या बाळाला किंवा आई गरोदर असेल तर तिला औषध लावण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यायचं.

सोमवारी सकाळी आईने फणी फिरवली. रुमालावर दोन मेलेल्या आणि एक जेमतेम पाय हलवणारी. हे ठीक होतं. औषधानंतर आठ-बारा तासांनी उवा अर्धमेल्या दिसल्या, तर औषध काम करतंय. त्या पहिल्यासारख्याच तुरुतुरु पळत असतील, तर तुमच्या घरच्या उवा त्या औषधाला दाद देत नाहीत असं समजायचं आणि तेच औषध पुन्हा न लावता डॉक्टरांकडे जायचं. पर्मेथ्रिनला न जुमानणाऱ्या उवा आता जगभर आढळतात.

शनिवारी, बारा तारखेला, आईचा फोन आला. "सिस्टर, औषध फुकट गेलं. परत उवा दिसतायत." मी विचारलं, "केवढ्या आहेत?" पुसटशा, टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान. ही वाचलेल्या लिखांतली पिल्लं होती आणि ती दिसणारच होती. तिळाएवढ्या मोठ्या निघाल्या असत्या, तर एक तर औषध लागू पडलं नाही किंवा बाहेरून नव्याने आल्या, असं म्हणावं लागलं असतं. उवांचा आकार पाहून एवढा निवाडा घरच्या घरी करता येतो, आणि आईला मी तोच करायला लावला.

आणि आता तो दिवस. पंधरा तारीख, मंगळवार, पहिल्या औषधानंतरचा नववा दिवस. लीख फुटायला सात ते दहा दिवस लागतात. म्हणजे सहा तारखेला सकाळी घातलेलं अगदी ताजं अंडंही तेरा ते सोळा तारखेपर्यंत फुटलेलं असतं. उलट, सहाच्या रात्री फुटलेलं सगळ्यात थोरलं पिल्लू वयात येऊन अंडी घालायला नऊ ते बारा दिवस घेतं, म्हणजे पंधरा तारखेच्या आसपास. नवव्या दिवशी लावलं, तर जवळपास सगळी पिल्लं बाहेर आलेली असतात आणि बहुतेकांनी अजून अंडं घातलेलं नसतं. पाचव्या दिवशीच घाई केली, तर कित्येक लिखा बंदच राहतात. पंधरा-वीस दिवसांनी आठवण झाली, तर तोवर थोरल्यांनी संसार थाटलेला असतो, आणि एक मादी दिवसाला सहा ते दहा अंडी घालते. मंगळवार हा शाळेचा दिवस, संध्याकाळी क्लास, म्हणून "रविवारी बघू" म्हणायचा मोह होतो. या घराने तो टाळला. दुसऱ्या औषधानंतर आठवड्याने, बावीसला, सगळ्यांची फणी रिकामी निघाली. खाज मात्र आणखी काही दिवस राहिली. ती कातडीची कुरकुर असते, तेवढ्यावरून तिसऱ्यांदा औषध लावायचं नसतं.

हे सगळं बसवून मी चिठ्ठी नव्याने लिहिली. ती अशी:

"सप्रेम नमस्कार. आज तपासणीत तुमच्या मुलीच्या केसांत जिवंत ऊ दिसली. मुलं डोक्याला डोकं लावून खेळतात, बसतात, त्यातून उवा होतात. त्यांचा स्वच्छतेशी संबंध नाही आणि तुमच्या घरावर यात कसलाही ठपका नाही. मुलीला वर्गात कुणीही वेगळं बसवलेलं नाही. उद्या तिला नेहमीप्रमाणे शाळेत पाठवा, केस बांधून.

आज किंवा उद्या घरातल्या प्रत्येकाचे केस ओले करून, बारीक फणीने, पांढऱ्या कापडावर तपासा. जिवंत ऊ सापडेल त्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध लावा. औषध डॉक्टरांना विचारून घ्या आणि सोबतच्या कागदावर लिहिलेल्या रीतीने लावा.

औषध लावल्याची तारीख इथे लिहा: ______ . त्यात नऊ दिवस मिळवून ही तारीख लिहा: ______ . त्या दिवशी पुन्हा लावायचं आहे. मध्ये दर तीन-चार दिवसांनी फणी फिरवा. छोटी पिल्लं दिसली तर घाबरू नका, मोठी दिसली तर मला कळवा.

रॉकेल, सीताफळाच्या बियांची पूड, डांबरगोळ्या, कापूर किंवा शेतातलं कीटकनाशक डोक्याला लावू नका. केस कापायची गरज नाही.

तुमची मुलगी ज्यांच्याकडे खेळायला, राहायला जाते त्यांनाही सांगा. सांगायला संकोच वाटत असेल तर हेच पत्र दाखवा. शाळा सुटल्यावर अर्धा तास मी खोलीत असते. फणी कशी फिरवायची ते दाखवून देईन."

तारखेच्या त्या दोन रिकाम्या जागा हा या पत्राचा खरा कणा. निळ्या पेनने भरलेली दुसरी तारीख घेऊन कुणी भेटायला आलं, की निम्मं काम झालं असं मी धरते.

पत्रातल्या मनाईबद्दल आज्या माझ्याशी वाद घालतात, विशेषतः सीताफळाच्या बियांवरून. त्या म्हणतात, आमच्या वेळी हेच लावायचे आणि उवा मरायच्या. मरत असतीलही. बियांमध्ये विषारी द्रव्य आहेच. पण ती पूड डोक्यावरून ओघळून डोळ्यांत गेली, की बुबुळावरचा पडदा भाजून निघतो. असल्या इजेचे रुग्ण आपल्या देशातल्या नेत्रतज्ज्ञांनी पाहून नोंदवले आहेत. रॉकेल लावलेल्या डोक्याने चुलीपाशी बसलेल्या पोरी भाजल्या आहेत. कापूर आणि कीटकनाशक कातडीतून अंगात भिनतं, लहान मुलाला त्याने झटकेही येतात. केमिस्टकडच्या एखाद्या जुन्या बाटलीवर गॅमा बेंझिन हेक्झाक्लोराइड असं नाव दिसलं, तर तीही परत करा. तेही मेंदूवर असर करतं आणि लहान मुलांसाठी आता त्याहून सुरक्षित औषधं आहेत. नुसतं खोबरेल तेल निरुपद्रवी. त्याने उवा भरवशाने मरत नाहीत, पण फणी छान चालते, म्हणून आज्यांशी माझा समझोता तेवढ्यावर होतो.

टक्कल करण्याबद्दल विचारतात. केस नसले की उवा राहत नाहीत, हे खरं. पण नऊ दिवसांच्या कामासाठी तिसरीतल्या मुलीचं डोकं भादरायचं आणि तिने वर्गात तोंड कसं दाखवायचं, याचा विचार करायचा नाही, हे मला पटत नाही. ज्यांना औषध नकोच आहे, त्यांच्यासाठी नुसत्या ओल्या फणीचाही मार्ग आहे: पहिला दिवस, पाचवा, नववा आणि तेरावा, दर वेळी कंडिशनर लावून, डोकं मुळापासून टोकापर्यंत दोनदा, आणि सतराव्या दिवशी तपासणी. लांब केसांना दर खेपेला अर्धा-पाऊण तास जातो. ज्या घरात तेवढी सवड आणि चिकाटी आहे तिथेच हे जमतं.

घरसफाईचा मात्र उगाच बाऊ होतो. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते, तिला पोटाला काही मिळत नाही. म्हणून गेल्या दोन दिवसांत वापरलेले उशीचे अभ्रे, टॉवेल, ओढणी, स्कार्फ गरम पाण्यात धुवा आणि उन्हात टाका. कंगवे गरम पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवा. बास. सोफ्यावर, गाद्यांवर कीटकनाशकाचे फवारे मारायचे नाहीत. त्या फवाऱ्याचा त्रास उवांपेक्षा माणसांनाच जास्त.

आणि दोन्ही तारखा पाळूनही मोठ्या उवा निघत राहिल्या तर? आधी कोण राहून गेलं ते पाहा. बरेचदा आजी राहिलेल्या असतात, किंवा कामाला येणाऱ्या मावशी, ज्या दुपारी मुलीची वेणी घालतात. सगळे झाले असतील, तर औषध बदलावं लागतं. डॉक्टरांकडे आयव्हरमेक्टिन आहे, लावायचंही आणि गोळीचंही. गोळी वजनावर ठरते आणि पंधरा किलोंच्या आतल्या मुलाला देत नाहीत. जंताची म्हणून घरात पडलेली गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका. डायमेथिकोन नावाचं सिलिकॉनचं तेलही असतं. ते मज्जातंतूंना हात लावत नाही, उवेला वरून लपेटून मारतं, म्हणून औषधाला सरावलेल्या उवाही त्याने मरतात. ते कोरड्या केसांना लावून रात्रभर ठेवतात, तेवढा वेळ केस आगीपासून लांब ठेवावे लागतात, आणि आठवड्याने पुन्हा लावतात. खाजवून डोक्यात पू झाला असेल किंवा मानेमागे गाठी हाताला लागत असतील, तर उवांच्या औषधाआधी त्या जखमा डॉक्टरांना दाखवा.